कपड्यांना नीळ, केसांना जांभळा शाम्पू

लग्नसराई संपली की आमच्याकडे पार्लरमध्ये मुली एकच तक्रार घेऊन येतात. लग्नासाठी केसांच्या बटा सोनेरी करून घेतलेल्या असतात. पंधरा-वीस दिवस त्या छान दिसतात, आणि मग हळूहळू पिवळ्या, नारिंगी, गंज चढल्यासारख्या दिसायला लागतात. मग कुणीतरी मोबाइलवर बघून जांभळा शाम्पू मागवते. एकीला तो लागू पडतो, दुसरीचे पैसे वाया जातात. असं का होतं, ते आज बघू. रंगवलेल्या केसांसाठी वेगळा शाम्पू मिळतो, त्याचा उपयोग किती, आणि केस सरळ करायची गरम मशीन वापरायची तर कशी, हेही त्याच ओघात बोलू.

आधी ब्लीच काय करतं ते समजून घ्या. आपला केस काळा असतो तो त्याच्या आतल्या नैसर्गिक रंगामुळे. ब्लीच केसाच्या आत शिरून तो रंग मोडतं. पण काळा केस एकदम सोनेरी होत नाही. आधी तो तांबूस होतो, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीची आतली बाजू असते तसा फिकट पिवळा. त्याच्याही पुढे नेऊन पांढरा करायला गेलं तर केसच तुटतो. म्हणून पार्लरवाली पिवळ्यावर थांबते आणि वरून टोनर नावाचा हलका रंग लावते. त्या टोनरमुळे पिवळेपणा झाकला जातो आणि बट सोनेरी दिसते. टोनर काही आठवड्यांत धुऊन जातो आणि खालचा पिवळा किंवा नारिंगी रंग उघडा पडतो. केस बिघडला असं नाही, तो मुळात तसाच झालेला होता.

आता जांभळा शाम्पू. पांढरं धोतर किंवा शाळेचा शर्ट जुना झाला की पिवळट दिसतो. आपण शेवटच्या पाण्यात चार थेंब नीळ टाकतो. नीळ काही पिवळेपणा काढत नाही, ती त्यावर उलटा रंग चढवते, म्हणून डोळ्यांना कपडा पांढरा दिसतो. जांभळा शाम्पू नेमकं हेच करतो. त्यात थोडा जांभळा रंग घातलेला असतो. जांभळा हा पिवळ्याचा उलटा रंग, म्हणून पिवळेपणा दबतो. नीळ जास्त झाली की कपड्यावर निळे डाग पडतात, तसं हा शाम्पू जास्त वेळ ठेवला की केसावर जांभळी झाक येते. एक गोष्ट मात्र बजावून सांगते. कपड्यांची नीळ केसांना लावू नका. ती कापडासाठी बनवलेली असते, डोक्याच्या कातडीसाठी नाही.

इथेच पैसे वाया जाण्याचं कारण आहे. जांभळा रंग पिवळ्याला दाबतो, नारिंगीला नाही. नारिंगीचा उलटा रंग निळा. त्यासाठी निळा शाम्पू वेगळा मिळतो. तेव्हा विकत घेण्याआधी बट उजेडात धरून बघा. केळ्याच्या सालीसारखी पिवळी असेल तर जांभळा घ्या. संत्र्याच्या सालीसारखी असेल तर निळा. विटेसारखी तांबडी असेल तर दोन्ही शाम्पू काही करणार नाहीत, तिथे पार्लरमध्ये गडद रंग लावून घेणंच बरं. आणि ज्या काळा डाय लावतात त्यांना जांभळ्या शाम्पूचा काहीच उपयोग नाही, काळ्यावर तो दिसतही नाही. ज्यांनी पांढरे केस पांढरेच ठेवलेत आणि ते पिवळट पडलेत, त्यांना मात्र तो चालतो.

लावायची रीत अशी. हातात मोजे घाला, नाहीतर नखं जांभळी होतात. जुना टॉवेल घ्या. केस पूर्ण ओले करा, शाम्पू सगळीकडे सारखा लावा आणि पहिल्या वेळी दोनच मिनिटं ठेवा. धुऊन, वाळवून मगच रंग बघा, कारण ओल्या केसात खरा रंग कळत नाही. कमी वाटला तर पुढच्या वेळी तीन-चार मिनिटं ठेवा, पाचाच्या वर जाऊ नका. आठवड्यातून एकदा पुरे. बाकीच्या वेळी साधा सौम्य शाम्पू वापरा, कारण जांभळा रोज वापरला तर केस मळकट दिसतात आणि कोरडे पडतात.

एक उदाहरण सांगते. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने भावाच्या लग्नात बटा करून घेतल्या होत्या. महिनाभराने तिने जांभळा शाम्पू आणला आणि लवकर गुण यावा म्हणून अर्धा तास ठेवला. बटांची टोकं वांग्यासारखी जांभळी झाली आणि वरचा भाग होता तसाच नारिंगी राहिला. एकाच डोक्यावर असं का झालं? टोकाचा केस जुना, कोरडा, ब्लीचने जास्त पोकळ झालेला. तो सुकलेल्या फडक्यासारखा रंग शोषून घेतो. वरच्या भागावर ब्लीच कमी वेळ राहिलं होतं, म्हणून तो नारिंगीवरच थांबला होता, आणि नारिंगीवर जांभळा चालतच नाही. तिची आई म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा ब्लीच मारून टाका." ते आम्ही केलं नाही. साध्या शाम्पूने चार वेळा धुतल्यावर टोकांची जांभळी झाक गेली. वरच्या भागाला आठवड्यातून एकदा निळा शाम्पू तीन मिनिटं लावायला सांगितला. दुसऱ्या आठवड्यात नारिंगी दबून बदामी दिसायला लागला. पूर्वीसारखा सोनेरी झाला नाही, आणि शाम्पूने तो होणारही नव्हता. शाम्पू फक्त रंगाची झाक बदलतो, केस उजळ करत नाही.

पुन्हा ब्लीच का टाळलं, तेही सांगते. ब्लीच करण्याआधी आम्ही एक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणून बघतो. चांगला केस थोडा ताणतो आणि सोडल्यावर परत जागेवर येतो. तिच्या टोकाचा केस रबरासारखा लांबत गेला आणि तुटला. असा केस आतून खिळखिळा झालेला असतो. त्यावर ब्लीचही नको आणि गरम मशीनही नको. टोकं कापणं हाच उपाय. ही परीक्षा तुम्ही घरीही करू शकता.

आता रंगवलेल्या केसांसाठीचा, म्हणजे कलर सेफ शाम्पू. बाटलीवर लिहिलेलं असतं की रंग जाणार नाही. पण रंग फक्त शाम्पूमुळे जात नाही, पाण्यामुळेही जातो. केस पाण्यात फुगतो, त्याच्यावरचे खवले उघडतात आणि रंगाचे बारीक कण बाहेर पडतात. सौम्य शाम्पू हे नुकसान कमी करतो, थांबवत नाही. म्हणून बाटलीइतकीच धुण्याची रीत महत्त्वाची. रंग लावल्यावर दोन दिवस केस धुऊ नका. पुढे आठवड्यातून दोनदाच धुवा, कढत पाण्याने नाही, कोमट किंवा गार पाण्याने. अंगाचा साबण किंवा कपड्यांचा साबण केसाला लावू नका. साबण अल्कधर्मी असतो, त्याने खवले जास्त उघडतात आणि रंग लवकर जातो. धुतल्यावर कंडिशनर फक्त लांबीला लावा, म्हणजे केस गुंतणार नाहीत आणि तुटणार नाहीत. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, भांड्यावर पांढरा थर बसतो, त्यांनी जमलं तर शेवटचे दोन तांबे तरी पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत. जड पाण्याचा थर ब्लीच केलेल्या केसावर पटकन बसतो आणि केस निस्तेज दिसतो.

आपल्या घरातलं खोबरेल तेल इथे कामाला येतं. २००३ साली मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर लावून तुलना केली. ते तेल विकणाऱ्या कंपनीतच काम करत होते, हेही सांगायला हवं. केस धुताना त्यातलं प्रथिन निघून जातं, ते खोबरेल तेलाने कमी झालं, आणि ब्लीच केलेल्या केसातही झालं. बाकीच्या दोन तेलांनी तसं झालं नाही. म्हणून धुण्याआधी रात्री किंवा तासभर आधी खोबरेल लावा आणि मग धुवा.

पण तेल लावलेल्या केसावर गरम मशीन कधीच फिरवू नका. तेल तापतं आणि केस भाजतो. ओल्या केसावरही नाही. केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, ती केसात बुडबुडे करते आणि तिथूनच केस तुटतो. मशीन लावताना चर्र आवाज आला किंवा वाफ दिसली, तर केस अजून ओला आहे, थांबा. मशीनवर आकडे असतील तर ब्लीच केलेल्या केसाला १५० अंशांच्या वर जाऊ नका, नुसत्या डाय केलेल्या केसाला १८० अंशांच्या वर नाही. आधी उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे लावून वाळू द्या. एकाच बटेवरून सारखी सारखी फिरवण्यापेक्षा एकदाच सावकाश फिरवा. स्वस्त मशीनला आकडे नसतात, फक्त बटण असतं. अशी मशीन तापली की पांढरा टिश्यू कागद त्यात दहा सेकंद धरा. कागद तपकिरी झाला तर ती मशीन रंगवलेल्या केसासाठी नाही. आणि ध्यानात ठेवा, जास्त उष्णतेने दबलेला पिवळेपणा पुन्हा वर येतो. मग बाई म्हणते शाम्पू खोटा निघाला, आणि दोष असतो मशीनचा.

तेव्हा मैत्रिणींनो, बट नारिंगी दिसली की लगेच ब्लीचकडे किंवा दुकानाकडे धावू नका. आधी उजेडात रंग बघा, मग ओला केस ताणून बघा. पिवळ्याला जांभळा, नारिंगीला निळा, आणि केस रबरासारखा ताणत असेल तर कात्री. आज एवढंच. नमस्कार.