जूनसाठी छत्र्या किती?

समजा, एका दुकानात गेल्या ३ वर्षांत अनुक्रमे २,१६०, २,२८० आणि २,४०० छत्र्या खपल्या. दरवर्षी १२० ची वाढ, म्हणून यंदाचा अंदाज २,५२०. महिन्याची सरासरी २१०. पण छत्री सरासरीने थोडीच खपते! जूनची विक्री दरवर्षी त्या वर्षाच्या मासिक सरासरीच्या पाचपट भरत असेल, तर जूनचा हंगामी निर्देशांक ५००. म्हणजे यंदा जूनला १,०५० छत्र्या, आणि ३०० रुपये दराने अंदाजपत्रकात ३,१५,००० रुपये.

बारा निर्देशांकांची बेरीज १,२०० भरलीच पाहिजे. माझ्या मते मोठी चूक मात्र वहीतच दडलेली असते. गेल्या जूनमध्ये माल २० तारखेलाच संपला असेल, तर रिकाम्या हाताने परतलेलं गिऱ्हाईक वहीत दिसत नाही आणि जूनचा निर्देशांक कमी निघतो.