करार संपतोय, वाढवणार नाही: पत्राविषयीचे चार गैरसमज

गैरसमज : मुदत संपली की करार आपोआप संपतो, पत्र कशाला?
वस्तुस्थिती : करार संपतो हे खरे. पण बऱ्याच करारांत महिनाभर आधी लेखी कळवण्याची अट असते. न कळवता माणूस मुदतीनंतरही कामावर येत राहिला, तर करार पुढे चालू राहिल्याचा दावा होऊ शकतो. म्हणून आधी करारातले नोटिशीचे कलम पाहावे आणि ३१ डिसेंबर २०२७ ला संपणाऱ्या कराराचे पत्र नोव्हेंबरातच हातात द्यावे.

गैरसमज : कारण म्हणून ‘काम असमाधानकारक’ लिहिले की कंपनी सुरक्षित.
वस्तुस्थिती : उलट होते. औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार ठरलेली मुदत संपून नोकरी थांबणे ही कामगार कपात नाही. त्यासाठी ठपक्याची गरजच नाही. ठपका लिहिला, की चौकशी न करता शिक्षा केली असा आक्षेप घ्यायला जागा मिळते. ‘सेवा समाप्त करण्यात येत आहे’ ही भाषाही टाळावी. एवढे पुरते : ‘१ जानेवारी २०२६ पासूनचा आपला करार ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपत आहे. तो वाढवण्यात येणार नाही. गोदामाच्या नोंदी आपण संगणकावर आणल्यात, त्याबद्दल आभार.’ नेमक्या कामाचा असा उल्लेख कोरड्या शुभेच्छांपेक्षा जास्त मान देतो.

गैरसमज : पाच वर्षे झाली नाहीत, म्हणजे ग्रॅच्युइटी नाही.
वस्तुस्थिती : सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांची अट नाही. सेवेच्या प्रमाणात रक्कम मिळते. वरच्या उदाहरणात ग्रॅच्युइटीसाठी धरायचे वेतन महिना २६,००० रुपये असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचे. वर्षाचे १५,००० होतात, दोन वर्षांचे ३०,०००.

गैरसमज : ‘हिशेब नियमानुसार मिळेल’ एवढे लिहिणे पुरे.
वस्तुस्थिती : भांडणे याच वाक्यातून निघतात. रकमा आणि तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात : डिसेंबरचा पगार २६,०००, कंपनीच्या नियमात बसत असतील तर शिल्लक १२ रजांचे १२,०००, ग्रॅच्युइटी ३०,०००. एकूण ६८,०००, यातून भविष्यनिर्वाह निधी, व्यवसाय कर आणि लागू असल्यास आयकराची कपात. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते, म्हणून ३० जानेवारी २०२८ ही तारीखच लिहावी. लॅपटॉप आणि ओळखपत्र कधी, कोणाकडे द्यायचे आणि अनुभवपत्र कधी मिळेल, हेही त्यातच यावे.

मात्र कायमचेच काम वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांच्या करारांवर करून घेतले असेल, तर चांगले पत्र कंपनीला वाचवत नाही. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने ती अनुचित कामगार प्रथा ठरू शकते. पत्र मिळालेल्यांनी रकमा तपासाव्यात आणि पैसे जमा होण्याआधी ‘सर्व येणे मिळाले’ या कागदावर सही करू नये.