कॅरोसेलच्या शीर्षकांतील समांतर वाक्यरचना

समाजमाध्यमांवर बोटाने एकेक सरकवत पाहण्याच्या स्लाइडमालेस कॅरोसेल म्हणतात. येथे वाचकासमोर एका वेळी एकच स्लाइड असते. मागचे शीर्षक त्याला आठवावे लागते. म्हणून सर्व शीर्षकांचा साचा एक असणे आवश्यक ठरते. यालाच समांतर वाक्यरचना म्हणतात.

उदाहरण

जुलाब झालेल्या रुग्णासाठी घरच्या घरी जलसंजीवनी कशी करावी, हे सांगणाऱ्या कॅरोसेलची पुढील शीर्षके पाहा :

१. स्वच्छ पाणी एक लिटर घ्यावे
२. साखर किती?
३. अर्धा चमचा मीठ
४. आता थोडे थोडे पाजत राहा

माहिती अचूक आहे. मात्र पहिले वाक्य विध्यर्थी, दुसरे प्रश्नार्थक, तिसरे क्रियापदहीन आणि चौथे आज्ञार्थी आहे. प्रत्येक स्लाइडवर वाचकाला वाक्याचा रोख नव्याने ओळखावा लागतो. आता सुधारित रूप पाहा :

१. एक लिटर स्वच्छ पाणी घ्या
२. सहा सपाट चमचे साखर घाला
३. अर्धा सपाट चमचा मीठ घाला
४. घोट घोट द्रावण पाजा

(चमचा चहाचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटरचा.)

येथे प्रमाण, पदार्थ आणि क्रियापद हा क्रम कायम राहिला आहे. दुसऱ्या स्लाइडनंतर वाचकाला साचा कळतो; पुढे तो केवळ बदललेला शब्द टिपतो.

क्रियापदाची निवड

मराठी वाक्याचा शेवट बहुधा क्रियापदाने होतो. त्यामुळे समांतरता कानाला तेथेच जाणवते. विध्यर्थ योजल्यास कर्माच्या लिंगानुसार रूप बदलते : पाणी घ्यावे, साखर घालावी. आज्ञार्थी रूपावर कर्माच्या लिंगाचा परिणाम होत नाही. घ्या, घाला, पाजा ही सर्व रूपे आकारान्तच राहतात. कृती सांगणाऱ्या कॅरोसेलसाठी म्हणूनच आज्ञार्थ सोयीचा ठरतो.

मर्यादा

साच्यासाठी आशय बदलू नये. ‘अर्धा सपाट चमचा’ लांब वाटला म्हणून ‘चमचाभर मीठ’ लिहिल्यास मिठाचे प्रमाण दुप्पट होईल, आणि ते बालकास घातक ठरू शकते. तसेच, शेवटची स्लाइड इशाऱ्याची असेल तर साचा हेतुपुरस्सर मोडावा : ‘रुग्ण सुस्त पडला? लगेच दवाखान्यात न्या.’ चार समान वाक्यांनंतर आलेला हा बदल वाचकाला थांबवतो. मात्र मधल्या स्लाइडवर साचा मोडला, तर ती केवळ चूक भासते.

स्वयं-अध्ययन

आपण तयार केलेल्या कॅरोसेलची केवळ शीर्षके एकाखाली एक लिहा. क्रियापदे अधोरेखित करून मोठ्याने वाचा. जेथे वाचन अडखळेल, तेथे साचा चुकून मोडला आहे की हेतूने, हे ठरवा.