मास्कचं माप: नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत

माझी भाची एका रुग्णालयाच्या क्षयरोग वॉर्डात परिचारिका आहे. ती घरी आली की तिच्या गालांवर एन-95 मास्कचे लालसर वळ दिसायचे. मास्क इतका घट्ट बसतोय म्हणजे तो नीटच असणार, असं तिला वाटायचं. पण मास्क घातल्यावर चष्म्यावर वाफ येते, हेही ती सहज बोलून गेली. ही वाफ म्हणजे नाकाच्या बाजूने बाहेर पडणारा तिचाच श्वास होता. ज्या फटीतून हवा बाहेर येते, त्याच फटीतून ती आतही जाते.

गाळण कितीही चांगली असली तरी हवा सोपी वाट धरते. जाड कापडातून ओढून घेण्यापेक्षा कडेच्या फटीतून शिरणं तिला सोपं जातं. एक साधा हिशोब करून पाहा. मास्कचं कापड अगदी बारीक कणांपैकीही 95 टक्के अडवतं. पण आत येणाऱ्या हवेतली 10 टक्के हवा फटीतून आली, तर तिच्यातले सगळे कण आत शिरतात. उरलेली 90 टक्के हवा कापडातून येते आणि तिच्यातले 5 टक्के कण, म्हणजे मूळ कणांपैकी साडेचार टक्के, निसटतात. दोन्ही मिळून साडेचौदा टक्के झाले. म्हणजे जे मास्क 5 टक्के कण आत सोडायला हवं, ते जवळजवळ तिप्पट सोडतंय, आणि कापडात दोष काहीच नाही.

फट का पडते, हे चेहरा मोजल्याशिवाय कळत नाही. यासाठी दोन मापं महत्त्वाची. पहिलं चेहऱ्याच्या लांबीचं: दोन डोळ्यांच्या मधे नाकाच्या मुळाशी जो सगळ्यात खोल खळगा असतो, तिथपासून हनुवटीच्या खालच्या टोकापर्यंत. दुसरं रुंदीचं: गालफडांच्या हाडांमध्ये जिथे सगळ्यात जास्त अंतर असेल तिथलं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने 2003 साली 3,997 कामगारांचे चेहरे मोजले आणि मास्कची परीक्षा कोणत्या चेहऱ्यांवर घ्यायची याचा तक्ता बनवला. त्यात लांबी 98.5 ते 138.5 मिलिमीटर आणि रुंदी 120.5 ते 158.5 मिलिमीटर एवढ्या पट्ट्यातले चेहरे घेतले आहेत. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा चेहरा यांच्या लांबीत 4 सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. एवढ्या फरकाला एकच माप कसं पुरणार? त्याआधीचा तक्ता 1967-68 मध्ये मोजलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या माणसांवरून केला होता. तरुण, धडधाकट सैनिकांचे चेहरे आणि सगळ्या कामगारांचे चेहरे सारखे नसतात, म्हणून तो बदलावा लागला. पुढे चीनमध्ये कामगार मोजले, तेव्हा त्यांचे चेहरे अमेरिकी कामगारांपेक्षा लांबीला कमी आणि रुंदीला जास्त भरले. म्हणून परदेशी खोक्यावरचं 'मध्यम' आपल्या चेहऱ्याला मध्यमच असेल असं गृहीत धरू नका. मुळात निरनिराळ्या कंपन्यांचं 'लहान' आणि 'मध्यम' हेही एकसारखं नसतं.

मापं घरी घेता येतात. लांबीसाठी तोंड मिटा, दात हलकेच एकमेकांवर ठेवा आणि हनुवटीखाली एक कडक कार्ड आडवं धरा. कार्डापासून नाकाच्या मुळापर्यंत सरळ पट्टी उभी धरून आकडा वाचा. रुंदीसाठी शिंप्याची टेप वापरू नका. ती गालाच्या गोलाईवरून फिरते आणि भलताच मोठा आकडा देते. त्याऐवजी दोन्ही गालफडांना बाहेरून एकेक पेन्सिल सरळ समोर तोंड करून टेकवा, दोन्ही समांतर ठेवा आणि दुसऱ्याला पुढच्या टोकांमधलं अंतर पट्टीने मोजू द्या. या पद्धतीत चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून तीनदा मोजून सरासरी काढा.

भाचीची लांबी 103 मिलिमीटर आली आणि रुंदी 126. दोन्ही आकडे तक्त्याच्या खालच्या टोकाशी. वॉर्डात मात्र एकाच मापाचे, वाटीसारखे मास्क यायचे. तिच्या चेहऱ्यासाठी ते लांब होते. वरची कड नाकाच्या मुळाच्या वर सरकायची आणि खालची हनुवटीखाली लोंबायची. ती दाबून बसवण्यासाठी पट्टे ओढले की गालावर वळ उठायचे, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फट तशीच राहायची.

माप म्हणजे निकाल नव्हे. ते फक्त कुठून सुरुवात करायची ते सांगतं. नाकाचा कणा चपटा की उंच, गाल भरलेले की खोलगट, हे या दोन आकड्यांत येत नाही. खरा निकाल लागतो तो 'फिट टेस्ट'मध्ये. आम्ही ती एका प्रशिक्षकाकडून करून घेतली. त्याआधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नव्हतं. डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवून त्यात कडू द्रावणाचा सौम्य फवारा मारला, मास्क न घालता, म्हणजे तिला कडूपणा जाणवतो की नाही ते कळावं. मग तोंड धुऊन मास्क चढवला आणि त्याच टोपड्यात अधिक तीव्र द्रावण फवारलं. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, मोठ्याने बोलणं, वाकणं आणि पुन्हा साधा श्वास, प्रत्येक एकेक मिनिट. जुना मास्क मान वर-खाली करेपर्यंत टिकला. ती बोलायला लागली आणि लगेच जीभ कडू झाली. बोलताना हनुवटी खाली जाते, वाटी तिच्याबरोबर ओढली जाते आणि नाकाशी फट उघडते. लहान आकाराच्या दुसऱ्या मास्कनेही वाकताना कडूपणा आत सोडला. तिसरा होता तीन पट्ट्यांचा घडीचा, लहान आकाराचा. सातही मिनिटं जिभेला काहीच चव लागली नाही.

एक गोष्ट मात्र मापाने सुटत नाही. दोन दिवसांची दाढी असेल तर कोणताही आकार घ्या, कड त्वचेला नीट टेकणार नाही. अंबाड्याचंही तसंच. वरचा पट्टा अंबाड्यावरून घसरला की मास्क खाली येतो, म्हणून तो डोक्याच्या माथ्यावर आणि खालचा मानेवर, कानांच्या खाली हवा. नाकावरची धातूची पट्टी एका हाताने चिमटू नका, मधोमध टोक उभं राहतं. दोन्ही हातांच्या बोटांनी मध्यापासून बाहेर दाबत जा. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालावर वारा लागला तर पुन्हा बसवा. हे रोज, प्रत्येक वेळी करायचं. फिट टेस्ट मात्र दरवर्षी, आणि वजन बरंच बदललं, दात काढले किंवा कवळी बसवली तर त्याआधीही.

रुग्णालयांत आणि कारखान्यांत खरेदी सांभाळणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मागणीपत्रात नगांचा आकडा लिहिण्याआधी आपल्या माणसांच्या चेहऱ्यांची ही दोन मापं घ्या आणि आकार त्यावरून लिहा. भाचीच्या वॉर्डात आता दोन आकारांचे खोके येतात, आणि लहान आकाराचा खोका आधी संपतो.