बांध जुळले म्हणून नकाशा बसला असे नाही

रायपूरच्या आसपासच्या एखाद्या गावाचा जुना पटवारी नकाशा स्कॅन करून उपग्रहचित्रावर ठेवला की पाहणाऱ्याची नजर आधी बांधांवर जाते. नकाशातल्या रेघा शेतांच्या धुऱ्यांवर पडलेल्या दिसल्या की काम झाले असे वाटते. धानाच्या मुलखात मात्र सर्वांत कमी भरवशाची खूण हीच आहे. इथला खसरा, म्हणजे आपल्याकडचा सर्व्हे नंबर, हे सहसा एकसंध शेत नसते. पाणी तुंबवून ठेवायचे म्हणून उताराप्रमाणे त्याच्या अनेक बांध्या पाडलेल्या असतात. नकाशावर फक्त खसऱ्याची हद्द असते, तर उपग्रहचित्रात सगळे धुरे सारखेच दिसतात. मालकीचा धुरा कोणता आणि पाण्यासाठी घातलेला कोणता, हे वरून कळत नाही. धुरे वीस-वीस मीटरवर असतील तर त्यांना समांतर अशी कुठलीही रेघ जवळच्या धुऱ्यापासून दहा मीटरपेक्षा दूर असूच शकत नाही. नकाशा चुकीच्या जागी ठेवला तरी तो बराचसा जुळल्यासारखा दिसणार. म्हणून शेतांच्या रेघा जुळण्यावर विसंबू नये, नकाशाला शक्य तितकी कमी मोकळीक द्यावी आणि जी चूक उरेल ती झाकण्याऐवजी वाचावी, असे माझे मत आहे.

1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. विदर्भातल्या जुन्या महसुली कागदपत्रांशी परिचय असलेल्याला इथले खसरे आणि बंदोबस्ताच्या मिसली परक्या वाटणार नाहीत. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात रायपूरच्या बंदोबस्ताचे काम चिंतामणराव देशमुखांनी पाहिले होते, हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. या नकाशांचे जुने प्रमाण मैलाला सोळा इंच, म्हणजे 1:3960. मोजणी 66 फुटांच्या साखळीने होई आणि एक साखळी कागदावर इंचाचा पाचवा भाग भरे. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे जवळजवळ चार मीटर. पाव मिलिमीटर जाडीची शाईची रेघच एक मीटर जागा अडवते, तेव्हा यापेक्षा बारीक अचूकता या कागदातून काढू पाहणे व्यर्थ आहे. त्यात कागद आणि कापड आटते, तेही लांबीत आणि रुंदीत सारखे नाही. तीन किलोमीटर रुंदीचे गाव कागदावर सुमारे 76 सेंटिमीटर भरते, आणि ते एक टक्का आटले तर एका टोकाशी तीस मीटरांचा फरक पडतो. पुढे मेट्रिक प्रमाणाचे 1:4000 नकाशेही आले. 3960 आणि 4000 यांच्यातला फरक नेमका एक टक्क्याचा आहे, त्यामुळे प्रमाण चुकीचे धरले तर ते आटल्यासारखेच दिसते. नकाशाच्या कोपऱ्यातली पट्टी मोजून पाहिल्याशिवाय हा गोंधळ सुटत नाही.

असे एक गाव उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या नकाशावर अक्षांश-रेखांश नाहीत, म्हणून नकाशात आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडतील अशा आठ जागा शोधायच्या. सर्वांत उत्तम म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. तो शाबूत असेल तर तिथे जाऊन जीपीएस उपकरणाने मोजावा. त्यानंतर जुनी विहीर, तलावाच्या पाळीचा कोपरा, गाडीवाटांचा तिठा. नाल्याचे वळण घेऊ नये, ते सरकते. चित्र `EPSG:32644` या प्रणालीत ठेवून `Polynomial 1` हे रूपांतर लावले, तर नकाशा सरकतो, फिरतो, दोन दिशांना वेगवेगळा ताणला जातो आणि किंचित तिरपा होतो, बस्स. आठ बिंदूंची सोळा समीकरणे, अज्ञात फक्त सहा. सात बिंदूंवर तीन-चार मीटर चूक उरली आणि तलावाचा एक कोपरा सतरा मीटर बाहेर गेला, असे समजा. इथे `Thin Plate Spline` निवडले की आठही बिंदूंची चूक शून्य होते आणि चित्र फार सुरेख दिसते. पण ते शून्य कमावलेले नसते, त्या पद्धतीच्या घडणीतच ते असते. तलाव नंतर खोल करताना पाळ बाहेर सरकवली गेली असेल, तर आपण नव्या पाळीमागे भोवतालचे सगळे खसरे सतरा मीटर ओढून नेले आणि तसे केल्याची खूणही पुसली. पहिल्या रूपांतराने तोच कोपरा बोट दाखवून वेगळा काढला होता. जुन्या तारखेचे चित्र पाहून किंवा पाळीचा दुसरा कोपरा तपासून शंका फेडता येते आणि खात्री पटल्यावर तो बिंदू सोडून देता येतो.

उरलेल्या चुकांचे बाण नकाशावर काढले की त्यांच्या दिशाही बोलतात. दगड जीपीएसने मोजलेले असतील आणि चित्रावरून घेतलेले सगळे बिंदू त्यांच्या मानाने एकाच बाजूला झुकत असतील, तर खोट नकाशाची नसून उपग्रहचित्राची असते. अशी काही मीटरांची सरक वेगवेगळ्या तारखांच्या चित्रांत वेगवेगळी आढळते. एका रेघेच्या अलीकडचे बाण एका दिशेला आणि पलीकडचे दुसऱ्या दिशेला असतील, तर ती रेघ बहुधा कागदाची घडी किंवा दोन तावांचा सांधा असते. मग दोन्ही ताव वेगळे बसवायचे.

यावर अनुभवी माणसे म्हणतात की साखळीच्या मोजणीत जागोजाग स्थानिक चुका आहेत, त्या एका सरळ रूपांतराने कशा निघतील? आक्षेप खरा आहे आणि काही गावांत लवचीक रूपांतर लागतेच. पण त्याचा अधिकार मोजलेल्या, दाट आणि गावभर पसरलेल्या बिंदूंनी मिळवावा लागतो, आणि चार-पाच बिंदू हिशेबात न घेता तपासणीसाठी बाजूला ठेवावे लागतात. लवचीक रूपांतराने या राखीव बिंदूंवरची चूक कमी झाली तर ते स्वीकारावे, वाढली तर सोडावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आज ज्याची वहिवाट जिथपर्यंत आहे तिथे रेघ आणली तर भांडणे कमी होतील. वहिवाट हा पुरावा आहेच, पण तो वेगळा पुरावा आहे. कुणी शेजाऱ्याचा धुरा चार मीटर आत कोरला असेल, तर तो फरक दिसावा यासाठीच नकाशा चित्रावर ठेवायचा. रेघच कोरलेल्या धुऱ्यावर नेऊन बसवली तर कोणतीही सुनावणी न होता जमीन हातची जाते, आणि ज्याची गेली त्याला ती गेल्याचे कळतही नाही. नव्याने मोजणी करणे हाच अखेरचा उपाय, हेही मान्य. मात्र ती गावोगाव होईपर्यंत रस्त्यांचे आणि कालव्यांचे भूसंपादन याच नकाशांवर चालणार आहे.

तपासणीचे दोन मार्ग बांधांवर अजिबात अवलंबून नाहीत. एक क्षेत्रफळाचा: बसवलेल्या नकाशावरून प्रत्येक खसऱ्याचे क्षेत्र काढून नोंदीतल्या क्षेत्राशी ताडायचे. सर्वत्र दोन टक्के जास्त भरले तर प्रमाणात खोट आहे. गावाच्या एकाच बाजूला जास्त भरले तर तो ताव वेडावाकडा ताणला गेला आहे. सर्वत्र पंधरा टक्के जास्त भरले तर नकाशा बहुधा निर्दोष असतो, हिशेब `EPSG:3857` या वेब नकाशांच्या प्रणालीत केलेला असतो. रायपूरच्या अक्षांशावर ती क्षेत्रफळ तेवढेच फुगवते. दुसरा मार्ग शेजारच्या गावाचा. दोन्ही नकाशे एकमेकांकडे न पाहता स्वतंत्रपणे बसवायचे आणि सामाईक शीव कुठे पडते ते पाहायचे. मध्ये चार-पाच मीटरांची फट किंवा तेवढेच एकमेकांवर चढणे या कागदांच्या कुवतीतले आहे. वीस मीटरांची फट असेल तर दोहोंपैकी एक नकाशा चुकला आहे, मग त्याच्या रेघा बांधांवर कितीही छान पडोत. दोन्ही नकाशे ओढून ती फट शिवून टाकण्याचा मोह इथे होतो, कारण पोर्टलवर फट वाईट दिसते. ती तशीच ठेवावी आणि नकाशासोबत वापरलेले बिंदू, रूपांतराचा प्रकार आणि राखीव बिंदूंवर आलेली चूक मीटरमध्ये नोंदवावी. छत्तीसगडच्या भूराजस्व संहितेच्या कलम 129 खाली सीमांकनाला गेलेल्या माणसाला शेतात उभे राहून हेच ठरवायचे असते की समोरचा तीन मीटरांचा फरक कागदाचा आहे की शेजाऱ्याचा, आणि त्याला ते या नोंदीवाचून ठरवता येत नाही.