लाल कशासाठी, हिरवा कशासाठी?

रंग बनवणाऱ्या कारखान्यात थिनरचे ड्रम ठेवलेल्या खोलीचं दार डोळ्यांसमोर आणा. दारावर ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण असतो. आत पेट घेणारा माल आहे, जपून, एवढं तो सांगतो. त्याखाली पांढऱ्या वर्तुळात पेटती काडी, भोवती लाल कडं आणि वरून तिरपी लाल पट्टी: आग, ठिणगी आणायची नाही. शेजारच्या निळ्या गोलात मास्क घातलेला चेहरा दिसतो. इथे मात्र मनाई नाही, आज्ञा आहे. मास्क लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर पडायच्या दारावर हिरव्या आयतात धावणारा माणूस असतो. हिरवा म्हणजे सुटकेची वाट किंवा प्रथमोपचार.

त्याच भिंतीवर लाल चौकोनही असतो, आणि नवखे कामगार घोटाळतात ते इथेच. लाल वर्तुळ मनाई करतं, तर लाल चौकोन आग विझवायचं साधन कुठे आहे ते दाखवतो. अर्थ रंग आणि आकार मिळूनच ठरतो. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्यालाही त्यामुळे पाटी वाचता येते.

आयएसओ ३८६४ या आंतरराष्ट्रीय मानकात हे नियम आहेत, तर चित्रं आयएसओ ७०१० मध्ये. भारतीय मानक आयएस ९४५७. अमेरिकेची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे बाहेर जायच्या दारावरची पाटी बऱ्याचदा लाल असते.

पण ‘लाल’ म्हणजे नेमका कोणता? दुकानात लाल रंगाच्या पंधरा छटा मिळतात. म्हणून मानक नावावर विसंबत नाही. डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्या रंगांचा एक नकाशा आहे, त्यावर प्रत्येक सुरक्षा-रंगाला चार कोपऱ्यांची हद्द आखून दिली आहे. दिवसाच्या प्रमाणित उजेडात रंग यंत्राने मोजतात आणि तो हद्दीत बसला तरच पास होतो. रंग किती उजळ हवा, याचीही मर्यादा आहे. शिवाय पिवळा, निळा आणि हिरवा रंग पाटीचा निदान निम्मा भाग व्यापणारा हवा. मनाईच्या पाटीत लाल किमान ३५ टक्के. आकाराचा ढोबळ हिशेब असा, की चांगल्या उजेडात १० मीटरवरून वाचायची पाटी साधारण १० सेंटिमीटर उंच हवी.

पाटी बिघडते ती सहसा उन्हाने. लाल गुलाबट होतो, पिवळा फिका पडतो, आणि रंग हळूहळू हद्दीबाहेर जातो. रोज पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. दिव्यांचाही दोष असतो: सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळा आणि हिरवा काळपट दिसतात, म्हणून पाटी रात्रपाळीच्या उजेडातही तपासायला हवी.

तुमच्या कारखान्यात एक काम करा. प्रत्येक प्रकारची एक नवी पाटी कपाटात अंधारात जपून ठेवा आणि वर्षातून एकदा भिंतीवरच्या पाटीशेजारी धरून बघा. फरक सहज दिसला तर पाटी बदला. बाजारातला रंग आणून तिच्यावर हात फिरवू नका.