सहा तारखांच्या चार झाल्या

खोपोलीच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात मी बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर कर्जतला आलो. इथं सलून चालवणारी आमची एक शेजारीण 2025 च्या सप्टेंबरात हातात कागद घेऊन घरी आली. ‘‘काका, माझ्या स्टायलिस्टला एक कडक पत्र द्यायचंय. जरा बघा.’’

कागद मी वाचला. ‘तू सतत दांड्या मारतेस, तुला कामाची कदर नाही, तुझ्यामुळे माझी गिऱ्हाइकं तुटली, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं.’ राग खरा होता, पण पूर्ण पानात एकही तारीख नव्हती. ‘सतत’ म्हणजे किती, असं विचारलं तर ती म्हणाली, ‘‘सतत म्हणजे सततच!’’ मी म्हटलं, पत्र राहू दे. हजेरीचं पुस्तक, अपॉइंटमेंटची वही आणि तुझा फोन, एवढं घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी तिन्ही वस्तू टेबलावर घेऊन बसलो. ही स्टायलिस्ट मुलगी कामात तरबेज होती. कटिंग, कलर, स्मूदनिंग सगळं करायची, आणि गिऱ्हाइकं तिचं नाव घेऊन वेळ मागायची. म्हणूनच तिची दांडी जास्त जाणवत होती. हजेरीत जूनपासून सहा ठिकाणी ‘गै’ होतं: 15 जून, 5 जुलै, 20 जुलै, 3 ऑगस्ट, 9 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट. सगळे शनिवार-रविवार, म्हणजे सलूनचे गर्दीचे दिवस. दुकान सोमवारी बंद असतं.

मग एकेक तारीख फोनशी ताडून पाहिली. 20 जुलैला सकाळी 7 वाजून 50 मिनिटांनी मुलीचा निरोप होता, ‘ताई, ताप आहे, आज जमणार नाही.’ खाली मालकिणीनं पाठवलेला अंगठा. म्हणजे त्या दिवशी कळवलंही होतं आणि होकारही मिळाला होता. 9 ऑगस्टला रक्षाबंधन. ‘दुपारनंतर आलीस तरी चालेल’ असं मालकिणीनंच आदल्या रात्री लिहिलं होतं. मुलगी एक वाजता आली, पण सकाळी मांडलेला ‘गै’ कुणी खोडला नाही. त्या दोन तारखा यादीतून गेल्या आणि चार उरल्या.

मी पगाराचं विचारलं. महिना 15,600, 26 दिवसांचा हिशेब, म्हणजे रोजचे 600. सहाही दिवसांचे पैसे कापले गेले होते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा आहे. त्याच धर्तीवर तापाचा दिवस पगारी धरला. रक्षाबंधनाची सवलत तर मालकिणीनंच दिलेली. म्हणून 1,200 रुपये परत द्यायचे ठरले, आणि तेही पत्राच्या आधी. आपली चूक तशीच ठेवून दुसऱ्याला ताकीद दिली, तर पहिल्याच प्रश्नाला पत्र कोसळतं. दर दांडीला पाचशेचा वेगळा दंड लावायचा तिचा बेत मी मोडला. न केलेल्या कामाचे पैसे कापता येतात, पण त्यावर मनाला येईल तो दंड लावता येत नाही.

‘‘मी तिला कितीदा समजावलं,’’ असं ती म्हणत होती. कधी, ते आठवेना. बरंच मागं गेल्यावर 5 ऑगस्टचा एक निरोप सापडला: ‘आज बोललो तसं, यायचं नसेल तर साडेआठच्या आत मला फोन कर.’ पत्रात ‘वारंवार तोंडी समज देऊनही’ लिहायची तिची इच्छा होती. मी ‘5 ऑगस्ट रोजी तोंडी समज दिली’ एवढंच ठेवलं. जे दाखवता येतं तेच लिहायचं.

मुलगी खोपोली लाइनवरच्या एका गावातून लोकलनं येते. कर्जत–खोपोली गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढची येईपर्यंत बसून राहायचं. त्यामुळे तिला उशीर व्हायचा, आणि मालकिणीला तोही पत्रात घालायचा होता. मी नको म्हटलं. उशिराचा प्रश्न वेगळा आणि न कळवता न येण्याचा वेगळा. दोन्ही एकत्र केले की उत्तर गाडीच्या वेळापत्रकावर येतं आणि मूळ मुद्दा सुटून जातो.

लिहिण्याआधी विचारणं बाकी होतं. 4 सप्टेंबरला दुकान बंद झाल्यावर मालकिणीनं चार तारखा पुढे ठेवून कारण विचारलं. उत्तर आलं, ‘‘घरचं काम होतं.’’ चारही दिवसांना तेच. काय बोलणं झालं ते मालकिणीनं त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. मग 9 सप्टेंबरचं पत्र तयार झालं. रोजच्या बोलण्यातल्या ‘तू’चं त्यात ‘तुम्ही’ झालं:

‘विषय: न कळवता गैरहजर राहण्याबाबत लेखी ताकीद.

तुम्ही 15 जून, 5 जुलै, 3 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट 2025 या चार दिवशी रजा न घेता व न कळवता कामावर आला नाहीत. 5 ऑगस्ट रोजी याबाबत तोंडी समज दिली होती. 31 ऑगस्ट रोजी तुमच्या नावे नोंदलेल्या तीन ग्राहकांना परत पाठवावे लागले. 4 सप्टेंबर रोजी विचारले असता “घरचे काम” एवढेच कारण तुम्ही सांगितले.

यापुढे रजा हवी असल्यास आदल्या दिवशी सांगावे. अचानक अडचण आल्यास सकाळी साडेआठपूर्वी फोन किंवा निरोप द्यावा. ही ताकीद 9 डिसेंबरपर्यंत लागू राहील. या काळात पुन्हा असे घडल्यास तुमचे म्हणणे ऐकून पुढील कारवाईचा निर्णय घेतला जाईल. प्रकृती, घर किंवा प्रवासाची काही अडचण असल्यास सांगावी, ती खाजगी ठेवली जाईल. या पत्रावर तुमचे म्हणणे सात दिवसांत लेखी देता येईल.’

‘कामावरून काढले जाईल’ हे वाक्य तिनं दोनदा घातलं आणि मी दोनदा काढलं. उद्या मुलगी खरोखर दवाखान्यात असली, तर मालकिणीला एक तर स्वतःचा शब्द मोडावा लागेल, नाही तर अन्याय करावा लागेल. ‘म्हणणे ऐकून’ हे दोन शब्द ठेवले की दोन्ही टळतं.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. मागच्या खोलीत, गिऱ्हाईक नसताना, आधी 1,200 रुपयांचं पाकीट आणि मग पत्र. घ्यायलाच नकार आला असता, तर त्याच मजकुराची प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टानं घरच्या पत्त्यावर जाणार होती. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच सामावलं आहे. ती वेळ आली नाही. मुलीनं पत्र दोनदा वाचलं आणि दुकानाच्या प्रतीवर सही केली. सहीखाली लिहिलं, ‘मिळाले. मजकूर मान्य नाही.’

मालकीण रात्री रागानंच ती प्रत घेऊन आली. नवी प्रत काढून नुसती सही घेऊ का, म्हणाली. मी म्हटलं, मुळीच नाही. सही म्हणजे कागद मिळाल्याची पोच असते, कबुली नसते. आणि हा शेरा आहे म्हणूनच उद्या कुणी म्हणणार नाही की दमदाटी करून सही घेतली.

मग प्रत उजेडात धरली. शेऱ्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, रागाच्या भरात मालकिणीनं न वाचलेली: ‘31 तारखेला फोन लागत नव्हता. आईला खोपोलीला दवाखान्यात नेलं होतं.’

मालकीण बराच वेळ ती ओळ बघत राहिली. ‘‘मग हे चार तारखेला का नाही सांगितलं?’’

‘‘ते तिला विचार. दवाखान्याचा कागद असेल तर बघ, आणि खरं निघालं तर तारीख काढल्याचं लिहून याच प्रतीला टाचून ठेव. पण पत्र फाडू नकोस.’’

तीन तारखा अजून बिनकारणाच्या होत्या.